पुशबॅक झाल्यावर विमान टॅक्सीवेवर का थांबून राहतं?

प्रश्न: पुशबॅक झाला, इंजिनं सुरू झाली आणि मग वीस-बावीस मिनिटं आम्ही टॅक्सीवेवर नुसते उभे. खिडकीतून रनवे दिसत होता, रिकामाच होता. वर आमच्या मागून आलेली दोन विमानं आमच्या आधी उडाली. थांबायचंच होतं तर गेटवरच का नाही थांबवत?

उत्तर:

विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये बसून बरीच वर्षं हीच रांग लावली, आधी ग्राउंडच्या म्हणजे टॅक्सीवेवरची विमानं हलवणाऱ्या पोझिशनवर आणि नंतर रनवेच्या, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ती रांग बहुतेक वेळा चुकून लागलेली नसते, आम्ही मुद्दाम ठेवलेली असते. थोडी रांग हवीच असते, फक्त ती किती लांब होऊ द्यायची यात सगळी गोम आहे आणि तिथेच आमच्या चुका होतात.

आधी रिकाम्या दिसणाऱ्या रनवेचं बघू. एकच रनवे आहे आणि त्यावर उतरणारी-उडणारी दोन्ही विमानं चालू आहेत असं धरा. उतरायला येणारं जेट शेवटच्या टप्प्यात साधारण १४० नॉटने येतं, म्हणजे ताशी २६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक नॉटिकल मैल कापायला त्याला साधारण २६ सेकंद लागतात. चार मैलांवर असलेलं विमान तुम्हाला खिडकीतून दिसणारही नाही, कारण तुमची खिडकी बाजूला बघते आणि ते रनवेच्या सरळ रेषेत येतंय, पण ते पावणेदोन मिनिटांत चाकं टेकवणार असतं. आता त्याच्या आधी तुम्हाला सोडायचं तर काय काय व्हायला लागतं बघा. आत्ता जे उतरलं त्याने रनवे सोडायला हवा, त्याला पन्नास-पंचावन्न सेकंद. ते पुढून गेल्या गेल्या तुम्हाला रनवेवर घेऊन उभं करून ठेवलंय असं धरलं तरी टेकऑफची परवानगी, इंजिनांचा जोर वाढवणं, धाव आणि हवेत जाऊन पुढे सरकणं याला आणखी पाऊण मिनिट. झाली शंभर सेकंद. दोन उतरणाऱ्या विमानांत चार मैलांचं अंतर असेल तर हातात आहेत १०४ सेकंद, म्हणजे कागदावर बसतं पण खरं बसत नाही, कारण पुढचा जरा सावकाश बाहेर पडला किंवा तुमच्या कॅप्टनने थ्रॉटल पुढे करायला पाच सेकंद जास्त घेतले की मागच्याला उतरणं सोडून पुन्हा वर जायला सांगावं लागतं. सहा मैलांचं अंतर मिळालं तर १५६ सेकंद, त्यात एक विमान आरामात निघतं. म्हणून ती दोन मिनिटं तुम्हाला रनवे ओसाड दिसतो तेव्हा तो ओसाड नसतो, कोणाच्या तरी नावावर लागलेला असतो.

दुसरं कारण तर अजिबातच दिसत नाही, ते म्हणजे पुढच्या विमानाने मागे सोडलेला भोवरा, आम्ही त्याला वेक म्हणतो. पंखांच्या टोकांपासून हवेचे दोन पीळ निघतात आणि विमान जितकं जड तितके ते जोरदार. नाक उचललं की भोवरा सुरू होतो, मग हळूहळू खाली बसतो आणि जमिनीजवळ आला की दोन्ही बाजूंना पसरतो. जोराचा वारा असेल तर लवकर विस्कटतो. खरी डोकेदुखी असते बाजूने येणारी अगदी हलकी झुळूक, कारण ती त्यातला एक पीळ नेमका रनवेवरच धरून ठेवते. आंतरराष्ट्रीय नियमात १३६ टन आणि त्यावरची विमानं हेवी, सातपासून १३६ टनांपर्यंतची मीडियम. आत चालायला मधे एकच वाट असलेली नेहमीची जेट सगळी मीडियममध्ये येतात. त्याच रनवेवरून हेवीच्या मागे मीडियम सोडायचं तर दोन मिनिटं थांबायचं, आणि मागचं विमान रनवेच्या मधल्या तोंडातून निघणार असेल तर तीन, कारण ते पुढच्याच्या भोवऱ्यात नेमकं वर चढतानाच घुसू शकतं. ए३८० या अवाढव्य विमानाच्या मागे मीडियमला पूर्ण लांबीवरूनही तीन मिनिटं. काही ठिकाणी यापेक्षा बारीक वर्गवारी वापरतात आणि वेळ थोडा कमी-जास्त होतो पण तत्त्व तेच.

तिसरं म्हणजे दिशा. दोन सारखीच विमानं एकामागून एक उडून वेगवेगळ्या दिशेला वळणार असतील, किमान ४५ अंशांचा फरक असेल आणि दोघांत वेकची भानगड नसेल, तर मिनिटाच्या अंतराने सोडता येतात. त्याच वाटेने जाणार असतील तर पुढचं पुरेसं पुढे जाईपर्यंत थांबायचं. हिशोब सोपा राहावा म्हणून खाली मी त्याला दोन मिनिटं धरतो, चांगलं रडार असेल तिथे प्रत्यक्षात थोडं कमीही होतं.

आता तुमच्या त्या "मागून आलेली आधी गेली" चं उदाहरण घेऊ. रनवेच्या तोंडाशी सहा विमानं आहेत, उतरणारं कोणी नाही असं समजू, आणि मोठं म्हणजे हेवी, लहान म्हणजे मीडियम. आलेल्या क्रमाने: एक मोठं उत्तरेला, दोन लहान उत्तरेला, मग एक मोठं दक्षिणेला आणि दोन लहान दक्षिणेला. आलात तसे जा म्हटलं तर पहिलं मोठं शून्य मिनिटाला. त्याच्या मागचं लहान वेकमुळे दोनला. त्याच्या मागचं लहान त्याच वाटेने म्हणून चारला. मग दक्षिणेचं मोठं, दिशा वेगळी, पाचला. त्याच्या मागचं लहान परत वेकमुळे सातला आणि शेवटचं नऊला. नऊ मिनिटांत सहा.

आता पत्ते पिसतो. उत्तरेचं लहान शून्याला, दक्षिणेचं लहान एकला, उत्तरेचं दुसरं दोनला, दक्षिणेचं दुसरं तीनला. एकाच दिशेच्या दोघांत आपोआप दोन मिनिटं पडली आणि रनवे मात्र दर मिनिटाला वापरला गेला. मग उत्तरेचं मोठं चारला आणि मोठ्याच्या मागे मोठं दीड मिनिटाने धरलं तर दक्षिणेचं मोठं साडेपाचला. साडेपाच मिनिटांत तीच सहा विमानं. सगळ्यांच्या थांबण्याची बेरीज केली तर पहिल्या पद्धतीत २७ मिनिटं, दुसऱ्या पद्धतीत साडेपंधरा.

पण यात नुकसान कोणाचं झालं? जे सगळ्यात आधी येऊन उभं होतं त्या पहिल्या मोठ्या विमानाचं. ते शून्याला जाणार होतं ते चारला गेलं, आणि त्यातल्या तीनशे लोकांनी खिडकीतून चार विमानं आपल्या पुढे जाताना बघितली. बहुधा तुम्ही त्या दिवशी अशाच कुठल्या तरी विमानात होतात :) राग येणं साहजिक आहे, कॅप्टनलाही येतो, फ्रिक्वेन्सीवर "आम्ही त्यांच्या आधी आलो होतो" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही.

हा क्रम तोंडाशी बसलेला टॉवर कंट्रोलर ठरवतो, पण तो हवा तसा ठरवू शकत नाही, कारण टॅक्सीवे ही एका गाडीची गल्ली आहे. विमानाला रिव्हर्स नाही आणि शेजारून काढायला जागा नाही. रनवेच्या तोंडाशी थांबायला मोठी मोकळी जागा असेल किंवा दोन-तीन वेगवेगळी तोंडं असतील तरच पत्ते पिसता येतात, नाहीतर जो क्रम ग्राउंडवाल्याने दहा मिनिटांपूर्वी लावला तोच रनवेवर येतो. म्हणून खरा क्रम पुष्कळदा पुशबॅकची परवानगी देतानाच ठरतो.

आता मूळ प्रश्न, गेटवरच का नाही थांबवत.

गेट सोडल्यापासून रनवेच्या तोंडापर्यंत पोचायला लागणारा वेळ कोणालाच नक्की सांगता येत नाही. बघा ना, ढकलणारा टग आला, त्याने विमान मागे नेलं, इंजिन सुरू होतंय, दुसरं सुरू होतंय, टग सुटला, खालच्या माणसाने नाकाच्या चाकाची स्टिअरिंग पिन काढून ती वर धरून कॅप्टनला दाखवली, मग चेकलिस्ट, मग टॅक्सीची परवानगी. हे सगळं चार मिनिटांतही होतं आणि नऊ मिनिटंही लागतात. टग सुटेना, एखादं इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं, मागच्या गल्लीतून दुसरं विमान येत होतं, काहीही. त्यापुढे टॅक्सी, वाट मोकळी असेल तर समजा आठ मिनिटं, मध्ये एखादा रनवे ओलांडायचा असेल तर त्याचे वेगळे. म्हणजे मी अगदी बरोबर हिशोब करून एकेक विमान असं सोडलं की प्रत्येकाने आपल्या मिनिटालाच रनवेवर पोचावं, तर निम्म्या वेळा रनवेच्या तोंडाशी कोणीच नसेल. आणि रनवेचं वाया गेलेलं मिनिट साठवून ठेवता येत नाही, ते गेलं ते गेलं, त्यानंतर निघणारा प्रत्येक जण दिवसभर तेवढा उशिरा जातो. म्हणून तोंडाशी कायम चार-पाच विमानं तयार असावीत अशी आमची धडपड, एक अडखळलं तर दुसरं पुढे घालता यावं, आणि वर सांगितलेले पत्ते पिसायलाही हातात पत्ते हवेतच.

अडखळणं म्हणजे काय ते सांगतो. एकदा गर्दीच्या वेळी एक मोठं विमान पहिल्या नंबरवर आणलं, समोर सहा मैलांचं सुंदर अंतर, "तयार का?" विचारलं, उत्तर आलं तयार. रनवेवर घेतलं, टेकऑफ दिला आणि दहा सेकंदांनी आवाज आला, एक मिनिट द्या, केबिन अजून तयार नाही. कोणीतरी उठून बाथरूममध्ये गेलं होतं. आता रनवेवर हे महाशय उभे, मागून उतरणारं तीन मैलांवर, त्याला वर पाठवला, तो चक्कर मारून पंधरा मिनिटांनी परत रांगेत आला आणि त्याच्यासाठी पुढच्या टेकऑफचं अंतर गेलं. बाथरूमला गेलेल्या एका माणसापायी साधारण चार विमानांच्या वेळा हलल्या. तेव्हापासून मी प्रश्न बदलला, "तयार का" ऐवजी "केबिनसकट तयार का" असं विचारायला लागलो.

तर थोडी रांग हवी हे झालं. पण किती? इथे गणित अगदी सरळ आहे. रनवेवरून तासाला ३० उड्डाणं होत असतील तर दर दोन मिनिटांना एक. रांगेत तुमचा नंबर पाचवा तर दहा मिनिटं, अकरावा तर बावीस. आता ग्राउंडवाल्याने आणखी पाच विमानांना पुशबॅक दिला तर रनवेचा वेग वाढतो का? नाही, तो तीसच राहतो, फक्त मागच्या प्रत्येकाची दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून जातात. चार-पाच विमानांच्या पुढची रांग रनवेला काहीच देत नाही. तुमची वीस-बावीस मिनिटं झाली म्हणजे तुमच्या पुढे दहा-अकरा जण होते असा अंदाज, त्यातली सहाएक जास्तीची, आणि हा दोष तुम्ही आमच्या माथी मारलात तर मी फार वाद घालणार नाही.

हे प्रत्यक्ष करून बघितलंय लोकांनी. २०१० मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावर एमआयटीच्या टीमने टॉवरसोबत प्रयोग केला. रांगेची स्थिती बघून दर पंधरा मिनिटांसाठी कंट्रोलरला सुचवायचं की मिनिटाला साधारण किती पुशबॅक द्या, बाकीचे गेटवर थांबू देत. चार-चार तासांची आठ सत्रं झाली, ज्यांना थांबवलं त्यांना गेटवर सरासरी चार-साडेचार मिनिटं जास्त थांबावं लागलं आणि अंदाजे बारा टनांपेक्षा जास्त इंधन वाचलं. एका मधल्या वाटेचं जेट दोन इंजिनांवर टॅक्सी करताना मिनिटाला दहा-बारा किलो इंधन पितं हे लक्षात घेतलं की आकडा पटतो.

युरोपात याचंच नेहमीचं रूप आहे, म्युनिकला २००७ मध्ये पहिल्यांदा पूर्णपणे चालू झालं. त्यात एअरलाइनने सांगायचं की दारं बंद, टग लागलेला, निघायला आम्ही इतक्या वाजता तयार. त्यावरून सिस्टिम रनवेचा क्रम लावते, टॅक्सीला लागणारा वेळ त्यातून मागे मोजते आणि प्रत्येकाला इंजिन सुरू करायची वेळ देते, तिच्या आगेमागे पाच मिनिटं चालतं. म्हणजे रांग असतेच पण ती कागदावर असते आणि तुम्ही गेटवर बसून असता. पण एअरलाइनने सांगितलेली तयारीची वेळ खरी असेल तरच हे चालतं. रांगेत नंबर धरून ठेवायला कोणी "आम्ही तयार" असं दहा मिनिटं आधी ठोकून दिलं की सगळा क्रम कोलमडतो, आणि असं ठोकून देणारे असतात.

मग सगळीकडे असंच का नाही करत? सगळ्यात मोठं कारण गेट. तुमच्या गेटवर येणारं विमान उतरून बाहेर उभं असतं, त्यातले लोकही तुमच्यासारखेच खिडकीतून बघत असतात की गेट का मिळत नाही. तुम्हाला गेटवर थांबवलं तर ते टॅक्सीवेवर, आणि ते टॅक्सीवेवर उभं राहून नेमकी बाहेर जाणाऱ्यांची वाट अडवतं. माझ्या हातून हे झालंय, एका संध्याकाळी दोन विमानं शहाणपणाने गेटवर थांबवली आणि त्यांच्याच गेटसाठी आलेल्या दोन विमानांनी गल्लीचं तोंड बंद केलं, मग ना आत ना बाहेर, ती गाठ सोडवायला पाऊण तास लागला. दुसरं कारण जरा कमी सभ्य आहे, वेळेवर निघालं की नाही हे बऱ्याचदा गेट सोडलेल्या क्षणावर मोजतात, पार्किंग ब्रेक सुटला आणि चाक हललं की झालं "वेळेवर". शिवाय जिथे "जो आधी पुशबॅक मागेल त्याचा नंबर आधी" अशी पद्धत आहे तिथे गेटवर शांत बसणारा कॅप्टन आपला नंबर घालवतो, मग तो का बसेल.

टॅक्सीवेवरच्या थांबण्याचा आणखी एक प्रकार आहे ज्याचा या रनवेशी काही संबंधच नसतो. तुम्ही जिथे जाताय तिथे वादळ आहे किंवा वाटेतला हवाई भाग भरलाय, तर तुमच्या विमानाला टेकऑफची एक ठरलेली वेळ मिळते. युरोपात त्या वेळेच्या आधी पाच आणि नंतर दहा मिनिटं एवढीच खिडकी असते, ती चुकली की नवीन वेळ, कदाचित तासाभराने. त्यामुळे अशा विमानाला आम्ही लवकर बाहेर काढून रनवेजवळ बाजूला उभं करून ठेवतो आणि बाकीचे त्याच्या शेजारून उडत राहतात.

खिडकीतून कोणता प्रकार आहे ते बऱ्यापैकी ओळखता येतं. गेटच्या मागेच तीन-चार मिनिटं उभे असाल आणि खाली माणसं वावरताना दिसत असतील तर इंजिन सुरू होणं आणि टग सोडणं चाललंय, ही रांग नव्हेच. दर दीड-दोन मिनिटांनी एक विमानभर पुढे सरकून थांबत असाल तर ती रनवेची रांग, तुमच्या पुढच्या शेपट्या मोजा आणि दोनने गुणा, उतरणारी विमानं मधे मधे येत असतील तर तीनने. बाजूला उभे आहात, एखादं इंजिन बंद केल्याचा आवाज आला आणि इतर पुढे जातायत तर ठरलेल्या वेळेची वाट बघताय. बंद केलेलं इंजिन परत सुरू होताना ऐकलं तर टेकऑफ अजून काही मिनिटांवर आहे असं समजा, कारण पूर्ण जोर लावण्याआधी ते काही मिनिटं गरम व्हावं लागतं. आणि सगळी रांगच वळून उलट्या दिशेला चालायला लागली तर वारा फिरलाय, रनवेचं दुसरं टोक वापरायचं ठरलंय, आणि जे शेवटी होते ते आता बहुधा पहिले आहेत.